धागा: २० दिवसांचा हाय तुटला की खरेदी, पण नफा टिकतच नाही. चुकतंय कुठे?

सूतगिरणी (इचलकरंजी)
नमस्कार मंडळी. गेलं वर्षभर मी एक साधी सिस्टीम चालवतोय, मागच्या २० दिवसांचा उच्चांक तुटला की घ्यायचं आणि १५ टक्के मिळाले की विकून मोकळं व्हायचं, नाहीतर ८ टक्क्यांवर स्टॉप. शेअरमध्ये प्रत्येकी ५० हजार टाकतो आणि आता एमसीएक्सवर क्रूड मिनी पण चालू केलंय. बरेचसे ब्रेकआउट दोन-तीन दिवसांत परत खाली येतात, स्टॉप लागतो, आणि जे चालतात ते मी १५ टक्क्यांवर सोडल्यावर पुढे खूप लांब जातात. वर्षाचा हिशोब काढला तर जवळपास शून्यावर आहे, ब्रोकरेज आणि टॅक्स धरला तर थोडा मायनसच. शिकागोच्या त्या टर्टल लोकांनी याच २० दिवसांच्या नियमावर एवढा पैसा केला म्हणतात, मग त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय? एंट्री बदलू का, ४० दिवस करून बघू का?

संत्रानगरी (नागपूर)
दादा, मी पण हेच करते, ५२ आठवड्यांचा हाय लागलेले शेअर बघते आणि दर महिन्याला थोडे थोडे घेते, विकत नाही. माझं तर बरं चाललंय. तुम्ही एवढी घाई कशाला करता, चांगली कंपनी असेल तर पडली तरी वर येतेच ना. स्टॉप लावायची गरजच काय?

डोंगरवाट (नाशिक)
ताई, तुमचं वेगळं आहे. तुम्ही कंपनी धरून ठेवताय, इथे प्रश्न भाव धरून चालायच्या सिस्टीमचा आहे. क्रूडला "चांगली कंपनी" असं काही नसतं, तिथे स्टॉप नसला तर खातं संपतं.

सूतगिरणी, माझ्या मते तुमचा घोळ पोझिशनच्या साइझमध्ये आहे. व्होलॅटिलिटी बघून पैसे लावा. ज्यात चाल मोठी त्यात जास्त लावायचे म्हणजे मोठा ट्रेंड आला की मोठा नफा. आणि टॉपपासून दोन एटीआर खाली ट्रेल करत जा, १५ टक्क्यांचं टार्गेट सोडा.

निळवंडे
डोंगरवाट, टार्गेट सोडा हे बरोबर, पण साइझचं उलट आहे. जास्त हलणाऱ्या वस्तूत कमी लॉट घ्यायचे, म्हणजे प्रत्येक पोझिशनचा खात्याला बसणारा रोजचा झटका साधारण सारखा राहतो. कापसाचा आणि क्रूडचा, दोन्हींचा.

थोडं सविस्तर लिहिते, कारण सूतगिरणींनी विचारलंय ते या सिस्टीमचं अगदी मर्म आहे. शिकागोचे ट्रेडर रिचर्ड डेनिस आणि विल्यम एकहार्ट यांनी १९८३ च्या अखेरीस पेपरात जाहिरात देऊन माणसं निवडली, दोन आठवडे शिकवलं आणि पैसे देऊन बसवलं, तीच ही टर्टल मंडळी. २० दिवसांचा नियमही त्यांचा शोध नव्हे, चार आठवड्यांचा नियम रिचर्ड डॉन्चियन यांनी त्याच्या कितीतरी आधी मांडला होता. म्हणजे एंट्री सगळ्यांना माहीत होती. शिकवण्यासारखं होतं ते किती घ्यायचं, कधी वाढवायचं आणि कधी सोडायचं.

तर "किती" चा हिशोब असा. रोजची खरी रेंज काढायची, म्हणजे आजचा हाय-लो, आजचा हाय आणि कालचा क्लोज, कालचा क्लोज आणि आजचा लो, या तिघांतला सगळ्यात मोठा फरक. गॅप त्यात पकडला जातो. त्याची २० दिवसांची सरासरी, पण नव्या दिवसाला एक हिस्सा आणि जुन्या सरासरीला एकोणीस हिस्से देऊन. डोंगरवाट म्हणतात तो एटीआर हाच, टर्टल त्याला एन म्हणत.

```
TR   = max(H-L, abs(H-PDC), abs(PDC-L))
N    = (19*N_prev + TR) / 20
unit = floor(0.01*capital / (N*point_value))
```

समजा तुमचं भांडवल १० लाख आहे. क्रूड मिनीचा लॉट १० बॅरलचा, म्हणजे भाव १ रुपया हलला की लॉटमागे १० रुपये. क्रूड ६,००० ला २० दिवसांचा हाय तोडतंय आणि एन १५० रुपये आहे असं धरू. एका लॉटचा रोजचा साधारण झटका १,५००. एक टक्का म्हणजे १०,०००, भागिले १,५००, आले सहा पूर्णांक काहीतरी. सहा लॉट, हे एक युनिट.

स्टॉप दोन एन खाली, ५,७०० ला. तिथे गेलं तर ३०० गुणिले १० गुणिले ६, म्हणजे १८,००० गेले, भांडवलाच्या पावणेदोन टक्क्यांच्या थोडं वर. आता हे तुमच्या ८ टक्के स्टॉपशी ताडून बघा. क्रूडचे ८ टक्के म्हणजे ४८०, तीन एनच्या वर. एखाद्या संथ एफएमसीजी शेअरमध्ये तेच ८ टक्के पाच-सहा एन असतील, आणि एखाद्या उड्या मारणाऱ्या स्मॉलकॅपमध्ये जेमतेम दीड. म्हणजे स्मॉलकॅपमध्ये तुम्ही रोजच्या गोंगाटातच बाहेर फेकले जाताय आणि संथ शेअरमध्ये विनाकारण लांबचा स्टॉप ठेवून बसताय. सगळीकडे ५० हजार लावल्यामुळे खात्याचं वर-खाली होणं जवळपास सगळं त्या उड्या मारणाऱ्या दोन-तीन शेअरवर अवलंबून राहतं.

सूतगिरणी (इचलकरंजी)
अहो हे मस्त सांगितलंत, ८ टक्के सगळीकडे सारखेच असं मी कधी तपासूनच बघितलं नव्हतं. वाढवायचं कसं ते पण सांगा ना. आणि खरा प्रश्न बाहेर कधी पडायचं हा आहे, १५ टक्के सोडून वर बसून राहिलो आणि परत खाली आलं तर हातात काय राहणार?

निळवंडे
वाढवायचं अर्ध्या एनला. वरच्या उदाहरणात ६,००० ला पहिलं युनिट, ६,०७५ ला दुसरं, ६,१५० ला तिसरं, ६,२२५ ला चौथं आणि तिथे थांबायचं. प्रत्येक नवं युनिट घेतलं की सगळ्यांचे स्टॉप वर ओढायचे, शेवटच्या खरेदीच्या दोन एन खाली. म्हणजे चारही घेतल्यावर स्टॉप ५,९२५. आता लगेच उलटलं तर पहिल्या युनिटचे ७५ रुपये, मग १५०, २२५, ३०० असे एकूण ७५० गेले, गुणिले १० गुणिले ६, झाले ४५,०००. साडेचार टक्के. हा आकडा कागदावर लिहून समोर ठेवा, कारण चौथं युनिट घेऊन दुसऱ्या दिवशी उलटणं हे या सिस्टीममध्ये नेहमीचं आहे.

बाहेर पडायचं ते १० दिवसांचा नीचांक तुटला की. टार्गेट नाही, ट्रेल नाही. डोंगरवाट म्हणतात तसं टॉपपासून दोन एन का नाही, हे एका खऱ्या चालीवर बघू.

डब्ल्यूटीआय क्रूड, २०२१ चा शेवट. २६ नोव्हेंबर २०२१ ला ओमायक्रॉनच्या बातमीने एका दिवसात १३ टक्के पडलं. डिसेंबर रडतरखडत गेला, आणि वर्ष संपता संपता ७५-७७ डॉलरच्या पट्ट्यात २० दिवसांचा हाय तुटला. पुढे जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ८७ च्या वर जाऊन दोन-तीन सत्रांत पाच-सहा डॉलर घसरलं. तेव्हा एन दोन डॉलरच्या थोडा वर होता, म्हणजे टॉपपासून दोन एनचा ट्रेल असणारा तिथेच बाहेर पडला. १० दिवसांचा नीचांक मात्र तेव्हा ७८ च्या आसपास होता, त्याला धक्काही लागला नाही. मग २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात भाव १३० ला शिवून आला.

आता दुसरी बाजू. तिथून आठवडाभरात क्रूड १०० च्या खाली आलं, आणि १० दिवसांचा नीचांकही १०० च्या खालीच होता. म्हणजे नियमाने चालणाऱ्याने वरच्या टोकापासून ३० डॉलरहून जास्त परत दिले. त्याला मिळाले ते ७६ पासून नव्वदीच्या वरपर्यंतचे. हे ३० डॉलर जाताना रोज स्क्रीनवर दिसतात. टर्टलांना शिकवलेल्यातला सगळ्यात अवघड भाग हाच, चांगला नफा दिसत असताना हात न लावता बसणं.

डोंगरवाट (नाशिक)
पण मार्चमध्ये माझा ट्रेलच जिंकला असता ना? १३० पासून दोन एन म्हणजे एन वाढून समजा सहा-सात झाला असेल तरी मी ११५ च्या वर बाहेर.

निळवंडे
जिंकला असता, पण तुम्ही मार्चपर्यंत आत राहिला असता तर. जानेवारीत बाहेर पडून परत कुठे घुसायचं हा नियम तुमच्याकडे नाही. परत घुसायचा नियम लिहून काढा आणि दहा-बारा वर्षांच्या चार्टवर चालवा, मग बोलू. ट्रेल वाईटच असं मी म्हणत नाही.

त्या चालीत अजून एक बघण्यासारखं आहे. ओमायक्रॉनच्या पडझडीने डिसेंबरमध्ये एन फुगला होता. त्यामुळे ब्रेकआउट आला तेव्हा युनिट लहान निघालं. पुढे बाजार शांत झाला, एन उतरला, पण युनिट घेऊन झालेलं. वर्षातली सगळ्यात मोठी चाल लहान साइझने पकडली, आणि हे बऱ्याचदा होतं, कारण मोठे ट्रेंड अनेकदा पडझडीनंतरच सुरू होतात. इथे लोकांना वाटतं की आपण शहाणपणाने साइझ वाढवावी. पण त्याच डिसेंबरमध्ये ब्रेकआउट फसला असता तर फुगलेल्या रेंजमध्ये मोठ्या साइझचं नुकसान किती झालं असतं, तेही मोजा.

कृष्णाकाठ (सांगली)
माझ्याकडे सगळे मिळून एक लाख आहेत. वरच्या सूत्रात घातलं तर एक टक्का म्हणजे १,०००, भागिले १,५००, येतात शून्य पूर्णांक सहासष्ट. मग एक लॉट घ्यायचा ना?

निळवंडे
नाही हो. पूर्णांक शून्य आला म्हणजे तो सौदा तुमच्या खात्यासाठी नाही. एक लॉट घेतलात तर दोन एनच्या स्टॉपला ३,००० जातात, तीन टक्के, आणि वाढवलंत तर सात-साडेसात. असे ओळीने सहा-सात फसले तर, आणि फसतात, खात्याचा पाचवा हिस्सा गेलेला असतो. त्याहून लहान कॉन्ट्रॅक्ट किंवा शेअर, जिथे एकेक नग घेता येतो, तिथे हा हिशोब नीट बसतो.

पाटीलकाका_मिशिगन
मी अनेक वर्षं शिकागोजवळ होतो म्हणून दोन गोष्टी घालतो. एक, टर्टल एकाच वस्तूत बसून राहत नसत. व्याजदर, चलनं, धातू, तेल, कॉफी, कोको, साखर असे वीसेक बाजार एकाच वेळी बघायचे. वर्षात एखाद-दोन बाजारच खरे पळतात आणि कोणते ते आधी कळत नाही. १९८४ च्या सुरुवातीला, अगदी नवे असताना, हीटिंग ऑइलमध्ये मोठी चाल आली आणि सगळ्यांनी तीच शिकवण घेतलेली असूनही काहींनी ती पूर्ण साइझने घेतली नाही. सिग्नल सगळ्यांना एकच होता, निकाल वेगळे लागले.

दोन, एकमेकांशी जोडलेल्या बाजारांवर मर्यादा होती. एका बाजारात चार युनिट, अगदी जवळच्या नात्यातल्या बाजारांत मिळून सहा, लांबच्या नात्यातल्यांत दहा आणि एका दिशेला एकूण बारा. आपले लोक हे विसरतात. सूतगिरणी, तुमच्याकडे आत्ता काय काय आहे?

सूतगिरणी (इचलकरंजी)
काका, तीन सरकारी बँका, एक एनबीएफसी, एक खतांची कंपनी, आणि क्रूड मिनी.

पाटीलकाका_मिशिगन
मग बँका आणि एनबीएफसी मिळून एकच बाजार धरा. रिझर्व्ह बँकेची एक घोषणा आली की चारही एकत्र पडतात. कागदावर सहा पोझिशन दिसतात, प्रत्यक्षात तीन.

आणि भलत्या भरवशावर राहू नका म्हणून हेही सांगतो. ऑक्टोबर १९८७ च्या शेअर बाजाराच्या आपटीनंतर व्याजदराच्या बाजारांत एवढा मोठा गॅप आला की टर्टलांचे स्टॉप नुसते ओलांडून गेले. डेनिस यांनाही १९८७-८८ मध्ये जबर फटका बसला आणि १९८८ मध्ये ते बाजारातून बाजूला झाले. दोन एन हा स्टॉप कुठे लावायचा याचा हिशोब आहे, तिथेच भाव मिळेल याची हमी नाही.

झुंजार_७७
मी तर एप्रिल २०२० बघितलाय, क्रूड मायनस! अशा वस्तूत २० दिवस काय नि १० दिवस काय, माणूस बुडणारच. क्रूडला हातच लावू नये.

निळवंडे
झुंजार, ते नीट बघा. २० एप्रिल २०२० ला मे महिन्याचा डब्ल्यूटीआय वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला आणि एमसीएक्सचा सौदा उणे २,८८४ रुपयांवर सेटल झाला. पण ती चाल खाली जाणारी होती. २० दिवसांचा हाय तुटण्याचा प्रश्नच नव्हता, उलट २० दिवसांचा लो तुटल्यावर विकणारे नियमाने शॉर्ट बाजूला असायला हवे होते. जे बुडाले ते बहुतेक "आता अजून किती पडणार" म्हणत खालून घेणारे.

तरी तुमची भीती अगदीच बिनबुडाची नाही. लॉकडाउनमुळे तेव्हा एमसीएक्स संध्याकाळी ५ ला बंद होत होतं आणि खरी घसरण रात्री झाली. पोझिशन असती तर स्टॉप लावूनही बाहेर पडता आलं नसतं. शेअरमध्ये हाच प्रकार लोअर सर्किटला होतो, विकणारे रांगेत आणि घेणारा कोणी नाही. म्हणून ही सिस्टीम शेअरवर चालवायची तर मी एफअँडओमधलेच शेअर घेते, त्यांना ५ किंवा १० टक्क्यांचं ठरलेलं सर्किट नसतं. गॅप तिथेही येतो, पण निदान बाहेर पडायला दार असतं.

सूतगिरणी (इचलकरंजी)
आता एक अडलेलं विचारतो. क्रूड मिनीचा सौदा दर महिन्याला एक्स्पायर होतो. २० दिवसांचा हाय कुठल्या चार्टवर बघायचा? माझ्या ब्रोकरच्या ॲपमधल्या सलग चार्टवर मागच्या एक्स्पायरीला ब्रेकआउट दिसला, मी घेतलं आणि दुसऱ्या दिवशी स्टॉप.

निळवंडे
हे फार जणांना फसवतं. पुढच्या महिन्याचा सौदा चालू महिन्यापेक्षा ८० रुपयांनी महाग असेल तर सौदा बदलला त्या दिवशी सलग चार्टवर ८० रुपयांची उडी दिसते. बाजार जागचा हललेला नसतो. ओळखायची खूण सोपी आहे, ज्या सौद्यात तुम्ही खरेदी करणार त्याच सौद्याचा स्वतःचा चार्ट उघडा आणि त्याचाच २० दिवसांचा हाय तुटलाय का बघा. तिथे तुटला नसेल तर तो ब्रेकआउट नव्हेच. एनसुद्धा त्याच चार्टवरून काढा, नाहीतर ती खोटी उडी खऱ्या रेंजमध्ये शिरते आणि पुढचे काही आठवडे तुमचं युनिट उगाच लहान निघतं.

डोंगरवाट (नाशिक)
आणि तो सिग्नल गाळायचा नियम? मागचा ब्रेकआउट तोट्यात गेला असेल तर पुढचा सोडून द्यायचा, असा होता ना?

पाटीलकाका_मिशिगन
उलटा होता. मागचा ब्रेकआउट नफ्यात गेला असेल तर पुढचा २० दिवसांचा सोडायचा. तोट्यात गेला असेल तर घ्यायचाच. आणि मागचा सौदा तुम्ही प्रत्यक्ष घेतला होता की नाही याने फरक पडत नाही, कागदावर तो काय झाला असता तेवढं बघायचं. दोन एन उलट गेला तर तोटा. गाळलेल्या सिग्नलनंतर बाजार पळतच सुटला तर ५५ दिवसांच्या हायला आत शिरायचं, म्हणजे मोठी चाल पूर्ण हुकत नाही.

म्हणूनच सूतगिरणी, तुमचे मागचे तीन फसले म्हणून चौथा सोडला तर तुम्ही नेमका त्यांच्या उलट वागता.

निळवंडे
काका, या गाळायच्या नियमावर माझं तुमच्याशी जमणार नाही. मी एमसीएक्सच्या तांबं, चांदी आणि क्रूडवर तो लावून बघितला तेव्हा मला फारसा फायदा दिसला नाही, आणि चांदीत ५५ दिवसांची वाट बघताना चालीचा मोठा तुकडा निसटला. मी आता सगळे २० दिवसांचे घेते.

पाटीलकाका_मिशिगन
तीन बाजारांवरून हे ठरत नाही. सगळे घेतलेत तर आडव्या बाजारात कात्री लागते तिचा खर्चही धरा, आपल्याकडच्या सीटीटीसकट.

निळवंडे
धरलाय. तरी तुमचं म्हणणं बरोबर, बाजार कमी आहेत. एनएसईच्या चलनाच्या सौद्यांवर बघायचं होतं पण २०२४ नंतर तिथला व्हॉल्यूमच इतका आटला की लिमिट ऑर्डर लागत नाही.

सूतगिरणी (इचलकरंजी)
मी आता असं करतो, ४० दिवसांचं खूळ सोडतो, २० च ठेवतो. प्रत्येक शेअरचा एन काढून नग ठरवतो, बँकांपैकी दोन कमी करतो आणि खताच्या शेअरवर १५ टक्क्यांची ऑर्डर लावलेली आहे ती आज काढतो, तो सध्या ११ टक्के वर आहे. त्याचा १० दिवसांचा लो खरेदीच्या भावापेक्षा फक्त ३ टक्के वर आहे, म्हणजे ८ टक्के परत द्यायची तयारी ठेवायची, बरोबर ना?

निळवंडे
बरोबर. आणि तो लो रोज संध्याकाळी बाजार बंद झाल्यावर नव्याने काढा, एखादा खोल दिवस दहाच्या खिडकीतून बाहेर पडला की एकदम वर सरकतो.

कृष्णाकाठ (सांगली)
शेअरमध्ये शॉर्ट बाजू नसताना, म्हणजे फक्त लाँग चालवलं तर हे टिकतं का? माझ्याकडे एक लाखच आहेत, वायदे जमणार नाहीत.

पाटीलकाका_मिशिगन
चालतं, पण २००८ किंवा मार्च २०२० सारख्या काळात तुम्ही महिनोन् महिने रोख घेऊन बसाल, आणि बाजार वळल्यावर सगळे शेअर एकाच आठवड्यात २० दिवसांचा हाय तोडतील. तेव्हा बारा युनिटांत कोणते शेअर निवडायचे? यावर माझ्याकडे पटेल असं उत्तर नाही. कोणी चालवून बघितलं असेल तर लिहा.